काळी लाइन तीच, टोकही तेच, तरी वॉटर्लू चुकलं कसं?

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

बाबा महिन्याभरासाठी लंडनला आलेत. रविवारी ते पहिल्यांदाच एकटे ट्यूबने निघाले. गोल्डर्स ग्रीनहून वॉटर्लू, नकाशात दोन्ही स्टेशनं काळ्या नॉर्दर्न लाइनवर, म्हणजे गाडी बदलायचा प्रश्नच नाही. दक्षिणेचं टोक मॉर्डन, म्हणून मी त्यांना मॉर्डनची गाडी पकडायला सांगितलं. एक केनिंग्टनची गाडी आली, ती त्यांनी सोडली. मागून मॉर्डनची आली, तीत बसले आणि थेट लंडन ब्रिजला पोहोचले! नकाशा वाचताना आमचं नेमकं काय चुकलं?

प्रेषक: सचिन

मेधाताई, नियम सोपा आहे. लाइनचा रंग बघायचा आणि गाडीवर शेवटचं स्टेशन कोणतं लिहिलंय ते बघायचं. मी रोज ज्युबिलीने जातो, कधीच चुकत नाही. काकांनी घाईत उलट्या दिशेची गाडी पकडली असणार.

प्रेषक: अनघा

आमच्याकडेही हाच घोळ झाला होता. सासूबाईंना एजवेअरला जायचं होतं आणि त्या एजवेअर रोडला उतरल्या. एजवेअर हे काळ्या लाइनचं उत्तरेचं एक टोक आहे आणि एजवेअर रोड पार मध्य लंडनात. त्यातून एजवेअर रोड नावाची स्टेशनं दोन! तेव्हा नाव पूर्ण वाचायला सांगा.

प्रेषक: श्रीकांत

मेधा, बाबांची दिशा बरोबरच होती. सचिनचा नियम ज्युबिलीला चालतो, कारण ती लाइन कुठेच फुटत नाही. नॉर्दर्न मात्र कॅम्डन टाउनला दुभंगते. एक फाटा चॅरिंग क्रॉसवरून वॉटर्लूला जातो, दुसरा बँक नावाच्या स्टेशनवरून लंडन ब्रिजला, आणि दोन्ही पुन्हा केनिंग्टनला एकत्र येतात. रंग दोन्हीचा काळाच. मॉर्डन केनिंग्टनच्याही पुढे आहे, म्हणून टोकाच्या नावावरून गाडी मधल्या कोणत्या फाट्याने जाणार ते कळत नाही. ते फलकावर त्याच नावापुढे लिहिलेलं असतं, ‘via Bank’ किंवा ‘via Charing Cross’. बाबांना दुसरी हवी होती.

हळहळ वाटते ती केनिंग्टनच्या गाडीची. ती बहुधा चॅरिंग क्रॉसवरूनच जाणारी असणार. लाइन पुढे मॉर्डनपर्यंत असली तरी प्रत्येक गाडी टोक गाठतेच असं नाही. अनोळखी नाव दिसलं की ते नकाशात शोधायचं. आपलं स्टेशन त्याच्या अलीकडे, आपल्याच फाट्यावर असेल तर बिनधास्त बसायचं. बॅटरसी पॉवर स्टेशनची गाडीही वॉटर्लूवरूनच जाते.

चूक गाडीतही लक्षात येते. कॅम्डन टाउननंतर मॉर्निंग्टन क्रेसंट आलं तर गाडी बरोबर आहे. थेट यूस्टन आलं तर ती बँकेची. यूस्टन दोन्ही फाट्यांवर आहे, त्यामुळे ते नाव ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याच्या पुढे वॉरेन स्ट्रीट हवं, किंग्ज क्रॉस नव्हे.

प्रेषक: मेधा

बाबा म्हणतात, किंग्ज क्रॉस ऐकलं होतं, पण काळ्याच लाइनवर आहोत म्हणून बसून राहिले! मग लंडन ब्रिजहून परत कॅम्डनला यायला हवं होतं का?

प्रेषक: श्रीकांत

मुळीच नाही. नकाशात लंडन ब्रिजला पांढरं वर्तुळ आहे, म्हणजे तिथे लाइन बदलता येते. तिथून राखाडी ज्युबिली घ्यायची, साउथवर्क आणि त्यापुढचं स्टेशन वॉटर्लू. या लाइनची टोकं दोन, स्ट्रॅटफर्ड आणि स्टॅनमोर. लंडन ब्रिजवर बोट ठेवून वॉटर्लूकडे सरकवलं की ते स्टॅनमोरच्या बाजूला जातं, म्हणून स्टॅनमोरची गाडी. स्टॅनमोर लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, पण आपल्याला तिथवर जायचंच नाही. फलकावर वेम्बली पार्क असलं तरी चालेल, ते त्याच वाटेवर आहे.

प्रेषक: सचिन

मॉर्डनचा घोळ मला खरंच माहीत नव्हता. पण बँकेला उतरून वॉटर्लू अँड सिटी लाइनने एका स्टेशनात वॉटर्लू आलं असतं ना?

प्रेषक: श्रीकांत

एरवी आलं असतं, पण ती रविवारी बंद असते.

आणि मेधा, परतीचं गणित उलटं आहे. वॉटर्लूहून उत्तरेची गाडी आपल्याच फाट्यावर असते, त्यामुळे मधला मार्ग बघायची गरज नाही. तिथे मात्र टोक महत्त्वाचं, कारण कॅम्डननंतर लाइन पुन्हा फुटते. एजवेअरची गाडी गोल्डर्स ग्रीनला जाते, हाय बार्नेटची जात नाही. हाय बार्नेटची मिळाली तर कॅम्डनला उतरून बदलायची.

प्रेषक: अनघा

मग जातानाही मिळेल त्या गाडीत बसून कॅम्डनलाच बदलावं, नाही का? गोल्डर्स ग्रीनला ताटकळत कशाला राहायचं?

प्रेषक: श्रीकांत

मी स्वतः तसंच करतो. पण कॅम्डनला दक्षिणेकडचे प्लॅटफॉर्म दोन आहेत आणि चॅरिंग क्रॉसची पुढची गाडी कोणत्याही एकावर येऊ शकते. फलक वाचून गर्दीतून पलीकडे पळावं लागतं. बाबांना मी थांबायलाच सांगेन.

प्रेषक: मेधा

बाबांचं मत अनघासारखं आहे, ते म्हणतात पळेन. शनिवारी पुन्हा निघणार आहेत, तेव्हा बघू.