शब्दचर्चा: ‘अबँडन्ड बेबी’ आणि ‘आयलंड रिव्हर्सल’ यांना मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी, अलिबाग
आमच्या वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी शेअरबाजाराची शिकवणी भरते. तिथल्या टिपणांचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘अबँडन्ड बेबी’ या चार्टवरच्या आकृतीसाठी मी ‘अनाथ बाळ’ लिहिलं, तर शिकवणारे म्हणाले, ‘‘ताई, अनाथ कसं? आईबाप दोन्हीकडे उभे आहेत की, फक्त जवळ घेत नाहीत.’’ ते बरोबर वाटतं, पण मग काय लिहू? ‘टाकलेलं बाळ’ म्हटलं की मला ‘टाकलेली बायको’ आठवते आणि हात थांबतो. ‘आयलंड रिव्हर्सल’चं ‘बेटी कलाटणी’ केलं, तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, ‘‘कोणाच्या बेटीची?’’ चित्र नीट समजलं तर शब्द सापडेल असं वाटतं. कुणी सांगाल का?

दांडीचो झील, मालवण
बेटार जाग्याचो विषय असा काय? आमच्या खाडयेत एक जुवो असा, पण थयसर होडयेशिवाय जावक गावना नाय. कागदपत्रां नीट बघून घेवा.

शब्दवेडी, अलिबाग
नाही हो भाऊ, जमीन नकोय, चार्टवरचं बेट आहे. पण ‘जुवा’ शब्द टिपून ठेवला. खाडीतलं लहान बेट म्हणजे जुवा, हे किती छान आहे!

जपानी शिकतेय, पनवेल
इंग्रजी नाव मुळात भाषांतर आहे. जपानी शब्द ‘सुतेगो’. ‘सुते’ म्हणजे टाकून दिलेलं आणि ‘गो’ म्हणजे मूल. त्यामुळे ‘टाकलेलं’ अर्थाला धरूनच आहे, तुम्हाला कितीही बोचलं तरी. एक गंमत सांगते. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याला 1589 मध्ये मुलगा झाला, तेव्हा त्याचं लाडाचं नाव ‘सुते’ ठेवलं होतं. टाकलेलं मूल जगतं अशी समजूत! आपल्याकडे मुलं वाचत नसली की धोंडू, केरू, भिकाजी अशी नावं ठेवायचे, तसंच. पुढच्या मुलाचं नाव तर ‘हिरोई’, म्हणजे उचलून आणलेला. चार्टवर आपण ज्याला गॅप म्हणतो तिला जपानी लोक ‘मादो’ म्हणतात, म्हणजे खिडकी. बाकी शेअरबाजारातलं मला शून्य कळतं.

देवगडचा बागायतदार
मी सांगतो, सोपं आहे. पडत्या बाजारात एक लाल कॅन्डल, म्हणजे पडलेल्या दिवसाची उभी पट्टी, मग गॅप देऊन, म्हणजे मधले भाव सोडून, खाली डोजी, म्हणजे जिथे उघडला तिथेच बंद झालेला दिवस, मग गॅप देऊन वर हिरवी. डोजीचं अंग दोघींच्या अंगापासून सुटं असलं की झालं बाळ. गेल्या वर्षी मी एका छोट्या कंपनीत असंच बाळ पाहून पैसे टाकले. आठ दिवसांत निम्मे झाले. तेव्हापासून माझं मत असं की हे सगळं थोतांड आहे. आणि 2024 च्या निवडणुकीतला निफ्टी पाहा: 3 जूनला एकदम वर, 4 जूनला एकदम खाली. ते तर केवढं मोठं बेट होतं, पण पुढे बाजार उलट वरच गेला ना?

खाडीकाठचे काका, रत्नागिरी
बागायतदार, तुम्ही अर्धं बरोबर सांगितलंत, पण नेमकं तेच अर्धं महाग पडतं. पंचवीस वर्षं सब-ब्रोकरचं टेबल सांभाळलं, त्यात खरं बाळ मी बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलं. बाकी सगळी शेजारणीचा पदर धरून बसलेली होती. अंग सुटं असून भागत नाही, वातही सुटी हवी. कॅन्डलचं जाडं अंग म्हणजे ओपन ते क्लोज, पण दिवसभरात भाव जिथवर जाऊन आला ती वर-खालची वात. फक्त अंगं सुटी असतील तर ती ‘मॉर्निंग डोजी स्टार’, ती बऱ्याचदा दिसते.

ताई, तुम्ही अलिबागच्या, तुम्हाला हे पटकन कळेल. कुलाबा किल्ला बेट आहे का? भरतीला आहे. ओहोटीला माणसं चालत जातात, घोडागाडी जाते. मुरूडच्या जंजिऱ्याला मात्र ओहोटी असो की भरती, होडीच लागते. अंग सुटं पण वाती भिडलेल्या, तो कुलाबा. वातीसकट सुटं, तो जंजिरा. बाळ म्हणजे जंजिरा.

आता सोयीचे आकडे घेऊ. शेअर बरेच दिवस पडतोय. पहिल्या दिवशी 412 ला उघडला, 396 चा तळ केला, 398 ला बंद. दुसऱ्या दिवशी 388 ला उघडला, 384 पर्यंत खाली, 391 पर्यंत वर आणि परत 388 ला बंद. म्हणजे डोजी, आणि तिच्या वातीचं टोक 391, तर पहिल्या दिवसाचा तळ 396. मधल्या पाच रुपयांत एकही सौदा नाही, ही पहिली खाडी. तिसऱ्या दिवशी 395 ला उघडला, सगळ्यात खाली 394 ला गेला आणि 407 ला बंद झाला. 391 ते 394 ही दुसरी खाडी. डोजी दोन्हीकडून पाण्यात. समजा, दुसऱ्या दिवशी भाव क्षणभर जरी 397 ला जाऊन आला असता तर ओहोटी लागली, बाळ गेलं.

यामागे माणसं कोण आहेत ते बघा, तिथेच भरवशाचं मूळ आहे. दुसऱ्या दिवशी 384 ते 391 मध्ये ज्यांनी घाबरून विकलं किंवा अजून पडेल म्हणून हातात नसलेला शेअर आधीच विकून शॉर्ट केलं, त्या झाडून सगळ्यांचा भाव तिसऱ्या दिवशीच्या सगळ्यात खालच्या भावापेक्षाही कमी आहे. त्यांना बरोबरीत सुटायला जागाच मिळाली नाही. शॉर्टवाल्यांना तोट्यात खरेदी करावी लागते आणि त्यांची खरेदीच भाव वर ढकलते. वाती भिडल्या असत्या तर काहींना निसटायला वाट मिळाली असती आणि रेटा कमी झाला असता. तिसऱ्या दिवशीचा बंदभाव पहिल्या दिवसाच्या अंगात किती आत शिरतो तेही मी पाहतो. इथे 412 आणि 398 चा मध्य 405, बंद 407. हे चांगलं. 399 ला बंद झाला असता तर मी गप्प बसलो असतो.

निफ्टीचं तुमचं बेट म्हणाल तर 3 जूनला निफ्टीचा तळ 23,062 च्या आसपास होता आणि 4 जूनला बाजार सुमारे 23,180 ला उघडला, तिथून कोसळला. म्हणजे 3 तारखेच्या पट्ट्यातच उघडला. डाव्या बाजूला खाडी, उजव्या बाजूला सरळ रस्ता. त्याला बेट म्हणत नाहीत.

देवगडचा बागायतदार
हे मान्य. पण माझ्या कंपनीत वातीही सुट्या होत्या! परवा मुद्दाम काढून पाहिलं.

खाडीकाठचे काका, रत्नागिरी
दिवसाला किती सौदे व्हायचे?

देवगडचा बागायतदार
फार नाही. आणि त्या आठवड्यात दोनदा लोअर सर्किट लागलं होतं, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला अडकला होता.

खाडीकाठचे काका, रत्नागिरी
मग ते बाळ नव्हे, ओसाड बंदर. रोज दहा-पंधरा सौदे होणाऱ्या शेअरमध्ये गॅप कशामुळे पडते? मधल्या भावाला कुणी आलंच नाही म्हणून. सर्किटला अडकलेल्या दिवशी तर चारही भाव एकच, आडवी रेघ उमटते आणि डोजीसारखी दिसते. तिथे खरेदीदार-विक्रेत्यांची बरोबरी झालेली नसते, उलट एक बाजू गायब असते. गॅपला अर्थ येतो तो गर्दी असूनही मधली जागा ओलांडली गेली तर. म्हणून तिसऱ्या दिवशीची उलाढाल नेहमीपेक्षा ठळक वाढलेली हवी.

दुसरा फसवा प्रकार डिव्हिडंडचा. वरच्याच उदाहरणात दुसरा दिवस आठ रुपयांच्या डिव्हिडंडचा एक्स-डेट होता, म्हणजे त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही, असं समजा. त्या सकाळी भाव आपोआपच आठाने उतरून उघडतो. ते आठ परत मिळवले की डोजीचं टोक 399 होतं, म्हणजे पहिल्या दिवसाच्या तळाच्या वर. पहिली खाडी खोटी निघाली. बोनस आणि स्प्लिटसाठी चार्ट बहुतेक जुळवून देतात, डिव्हिडंडसाठी बरेच देत नाहीत. ते आपणच तपासायचं.

जपानी शिकतेय, पनवेल
काका, मग बेट आणि बाळ एकच का? तुम्ही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरताय.

खाडीकाठचे काका, रत्नागिरी
चांगलं पकडलंत. बाळ म्हणजे एकाच डोजीचं बेट. बेटावर एक दिवस असू शकतो, नाहीतर दहा-पंधराही, आणि डोजी असलीच पाहिजे असं नाही. अट अशी की दोन्ही खाड्या साधारण एकाच पातळीवर हव्यात आणि मधल्या एकाही दिवसाने वर जाऊन काठाला हात लावलेला नसावा. मला स्वतःला अनेक दिवसांचं बेट जास्त भरवशाचं वाटतं, कारण अडकलेली माणसं जास्त. पण माझा भागीदार उलट म्हणायचा: दिवस वाढले की लोक सावध होतात, बाळाचा धक्काच ताजा असतो. आमचा हा वाद मिटला नाही.

शब्दवेडी, अलिबाग
आणि चुकलं हे कसं ओळखायचं? टिपणात त्याबद्दल एक ओळही नाही.

खाडीकाठचे काका, रत्नागिरी
दुसरी खाडी बुजते का ते बघायचं. भाव 391 ते 394 मध्ये उतरून परत वर गेला तर चालतं, काठ टेकू देतोय. 391 च्या खाली बंद झाला की होडीवाले परत आले, अडकलेले सुटायला लागले. मी तिथेच निम्मं काढतो आणि 384 तुटला की उरलेलं. आणखी एक. अमेरिकेत रात्री काही झालं की सकाळी इथे शंभर शेअर एकदम गॅपने उघडतात. अशी गॅप त्या कंपनीबद्दल फारसं काही सांगत नाही. निफ्टी शांत असताना एकट्या शेअरने दोन्ही खाड्या पाडल्या तर मी मान वर करून बघतो.

देवगडचा बागायतदार
पाच मिनिटांच्या चार्टवर चालेल का हे? मला एवढे दिवस थांबवत नाही.

खाडीकाठचे काका, रत्नागिरी
चालू बाजारात मोठ्या शेअरला गॅप जवळजवळ पडतच नाही हो. गॅप सकाळी 9:15 ला. एका दिवसात दोन खाड्या आणणार कुठून? आणि ज्या शेअरमध्ये त्या दिसतात तो पुन्हा तुमचं ओसाड बंदर.

शब्दवेडी, अलिबाग
शब्दाकडे येते. खिडकीपेक्षा ‘खाडी’ मला जास्त आवडली. बाळासाठी ‘पोरकी डोजी’ कसं वाटतं? पोरकं म्हणताना आईबाप मेलेलेच असावे लागत नाहीत, जवळ कुणी नसलं तरी पुरतं. बेटासाठी ‘जुवा-कलाटणी’ लिहावं म्हणते.

जपानी शिकतेय, पनवेल
‘पोरकी’ छान, पण ‘सुतेगो’त कुणीतरी मुद्दाम टाकलंय, ते हरवतं. आणि घाटावर ‘जुवा’ म्हटलं की बैलाच्या मानेवरचं जू नाहीतर जुगार आठवेल. शेअरबाजाराच्या टिपणात जुगार!

शब्दवेडी, अलिबाग
अरे देवा. हे लक्षातच आलं नाही.

दांडीचो झील, मालवण
आता माका कळला. पण काकांनू, कुलाब्यासारखो आमचो पद्मगड असा, वहोटीक चलत जावक गावता. सिंधुदुर्गाक होडीच होयी. मगे टिपणात आमचा नाव कित्या नाय?