पहिल्या वॉर्निंग लेटरची रात्र

"पहिलंच वॉर्निंग लेटर लिहायलेय, प्रत्येक वाक्य खोडून झालं. तुमचं कसं झालं होतं?"

माझं लातूरच्या डाळ मिलमध्ये झालं, मॅनेजर होऊन दोनच महिने झाले होते आणि लेटर द्यायचं होतं माझ्या वडिलांच्या वयाच्या ऑपरेटर काकांना.

पहिलं वाक्य लिहिलं, "आपण वारंवार उशिरा येता." वारंवार म्हणजे किती? खोडलं. तारखा टाकल्या: 3, 9 आणि 14, शिफ्ट 7 ची, पंच 7:35, 7:40, 7:50. मग "आपल्या बेजबाबदारपणामुळे"... हे तर माझं मत झालं, ते पण खोडलं आणि लिहिलं की 14 तारखेला क्लीनिंगचं मशीन 50 मिनिटं बंद होतं. एवढंच, कारण तेवढंच रजिस्टरमध्ये होतं.

रजिस्टर बघता बघता 9 तारखेच्या उशिरा येण्याच्या परवानगीवर सही दिसली, माझीच! मीच त्यांना दवाखान्यात जायला सांगितलं होतं की. घामच फुटला. 9 तारीख काढली.

शेवटी "अन्यथा कामावरून काढण्यात येईल" असं होतं. एचआरवाले भाऊ म्हणाले, त्यांचं ऐकायच्या आधीच शिक्षा ठरवली का मॅडम? मग "48 तासांत लेखी खुलासा द्यावा" केलं.

सकाळी काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पोच म्हणून सही केली, अन् म्हणाले, "3 तारखेला यष्टीच आली नव्हती मॅडम, ते कुठं लिहू?"

खाली जागा सोडलेली होती, पेन मीच दिला.