कळ आली की उठायचं
"निवृत्त झालो, तरी रात्री चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही."

एका निवृत्त कारकुनाचं अगदी असंच होतं. लोकल गाठायची म्हणून चहानंतरची शौचाची कळ वर्षानुवर्षं दाबली, जाणीव बोथट झाली आणि सोनामुखीचं चूर्ण मागे लागलं. खरी मेख पुढेच आहे. जुलाबाने आतडं रिकामं झालं की ते भरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी काही न होणं स्वाभाविक असतं, पण घाबरून माणूस पुन्हा चमचा घेतो. त्यांनी चूर्ण हळूहळू कमी केलं. न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटांत, कमोडपुढे पायाखाली पाट ठेवून, न कुंथता बसू लागले. एरवीही कळ आली की हातातलं काम टाकून उठायचे. काही आठवड्यांत चूर्ण सुटलं. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र आधी डॉक्टर गाठा.