मदत हवी आहे: विनाइस्त्रीचे म्हणून घेतलेले शर्ट, पांढरेच पिवळे का पडताहेत?

खारपाणी_दर्यापूर
नमस्कार मंडळी. मी दर्यापूरजवळच्या एका गावात राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. रोज गाडीने जाणं-येणं, गावात इस्त्रीवाला नाही, अन् लाईटचा भरवसा तुम्हाला माहीतच आहे. म्हणून 'इझी आयर्न' लिहिलेले चार शर्ट एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे घेतले. दोन पांढरे, दोन आकाशी. सुरुवातीला धुऊन हँगरला लटकवले की सकाळी तसेच घालून जाता यायचं.

आता चौघांचाही तो गुण कमी झालाय, ते एक वेळ चालेल. पण पांढऱ्या दोघांवर इस्त्री फिरवली की पाठीवर अन् कॉलरजवळ पिवळट डाग उमटतात. इस्त्री करायच्या आधी डाग दिसत नाहीत. आकाशी शर्टांना असं काही होत नाही, मात्र त्यांच्या कॉलरची घडी झिजून दोरे निघालेत.

पाणी बोअरचं, खारट. साबणाची वडी घासून आई दगडावर मोगरीने धुते. हे पाण्यामुळे आहे का? अन् ही फिनिश कपड्यावरून जाते तरी कशी?

वऱ्हाडी_झटका
काहून एवढा इचार करता सर? ते कापूसच नसन. पॉलिस्टर मिसळलं की सुरकुती पडत नाही अन् इस्त्री गरम झाली की पिवळं पडते. दुकानदारानं चुना लावला तुम्हाले.

स्टेंटरवाला
झटकाभाऊंचं अर्धं बरोबर आहे. विनाइस्त्रीच्या नावाने विकले जाणारे बरेच शर्ट खरंच मिश्र धाग्याचे असतात. तिथे सुरकुती न पडण्याचं काम बरंचसं पॉलिस्टरच करतं. पण शंभर टक्के सुती शर्टवरही हा गुण आणता येतो. मी प्रोसेस हाऊसमध्ये बरीच वर्षं फिनिशिंगला होतो.

सर, आधी दोन गोष्टी सांगा. आतल्या शिलाईच्या कडेने कापडाचाच एक दोरा काढून पेटवा, शिवायचा दोरा नको. कागद जळल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर कापूस. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. दुसरं, पांढऱ्यांना ब्लीच लागतं का?

खारपाणी_दर्यापूर
दोरा जळला, राख हातावर चोळली तर उडून गेली. मणी नाही. लेबलवरही शंभर टक्के कॉटनच आहे.

हो, पांढऱ्यांना ब्लीच असतं. बाबांची धोतरं अन् माझे पांढरे शर्ट एकाच बादलीत भिजतात, आई त्यात बाटलीतलं क्लोरीनचं ब्लीच टाकते. आकाशी वेगळे धुतो, रंग जाईल म्हणून. पण बाबांची धोतरं तर इस्त्रीनंतर पांढरीशुभ्र असतात!

स्टेंटरवाला
मग पाण्याला दोष देऊ नका. चारही शर्ट त्याच बोअरच्या पाण्यात धुतले जातात, पण पिवळे दोनच होतात. धोतराला ब्लीच लागतं, तेही पिवळं पडत नाही. म्हणजे फिनिश आणि क्लोरीन एकत्र आले तेव्हाच हा घोटाळा झालेला दिसतो.

आधी फिनिश म्हणजे काय ते सांगतो. लोकांना वाटतं, वार्निशसारखा थर चढवलेला असतो आणि साबणाने तो निघून जातो. तसं नाही. कापसाच्या धाग्याच्या आत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या शेजारी-शेजारी असतात. पाणी आत शिरलं की त्यांची एकमेकींवरची पकड ढिली होते, त्या सरकतात, आणि कापड ज्या अवस्थेत वाळलं तिथेच पुन्हा पकड घेतात. ती सुरकुती. फिनिशिंगला आम्ही कापड रेझिनच्या पाण्यातून काढायचो, पिळून स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या यंत्रावर, वाळवायचो आणि मग साधारण 150-160 अंशांवर काही मिनिटं भाजायचो. त्या उष्णतेत मॅग्नेशियम क्लोराईडच्या मदतीने रेझिन साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. पऱ्हाट्यांचा मोकळा ढीग कसाही दबतो, पण आवळून बांधलेला भारा वाकवला तर पुन्हा सरळ होतो. बांधलेलं कापडही तसंच पूर्ववत होतं.

पण त्याची किंमत मोजावी लागते. साखळ्या सरकू शकत नाहीत, म्हणून ओढ पडली की ती सगळ्यांत वाटली जात नाही आणि धागा पटकन तुटतो. अशा कापडाची ताकद साध्या कापसापेक्षा बरीच कमी होते, कधी कधी एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त. घासलं जाणं तर त्याला अजिबात सोसत नाही. तुमच्या आकाशी शर्टांच्या कॉलरचं तेच झालंय. कॉलरची घडी, कफची कड, खिशाचं तोंड, जिथे कापड दुमडलेलं असतं तिथे मोगरीचा घाव पहिला बसतो.

सुलभाताई_अकोला
माझी खादीची कुर्ती आहे, तिला कांजी दिली की मस्त कडक राहते. तुम्ही या शर्टांनाही कांजी देऊन बघा की. तांदळाची पेज पातळ करून.

स्टेंटरवाला
ताई, खादीला कांजी द्याच. या शर्टांना नको. कांजी वरून बसते आणि कापड ताठ करते. ताठ कापड बसल्या-उठल्या मोडतं, ती मोड तशीच राहते. धाग्याच्या आत केलेलं काम वरच्या थराने झाकून टाकल्यासारखं होतं.

वऱ्हाडी_झटका
बरं मानलं. पण मंग फिनिश आतून बांधलेली असन तर जाते काहून? सुरुवातीले लटकवलं की झालं, आता इस्त्री लागते.

स्टेंटरवाला
बरोबर विचारलंत. दोन वेगळ्या गोष्टी जातात. नव्या शर्टाचा तो गुळगुळीत, झुळझुळीत स्पर्श बराचसा सिलिकॉनचा असतो. रेझिनने कापड खरखरीत आणि कमजोर होतं, त्यावर उतारा म्हणून सिलिकॉन किंवा पॉलिथिलिनचं मऊ करणारं द्रव्य त्याच पाण्यात घालतात. ते फक्त चिकटलेलं असतं, म्हणून आधी जातं. हात लावल्यावर 'फिनिश उडाली' असं वाटतं ते यामुळे.

आतली बांधणी हळूहळू जाते. साबणाचा खार तिला बऱ्यापैकी सोसतो. तिला खरं तोडते आम्लता आणि उष्णता एकत्र आली तर. शिवाय धाग्याचं वरचं पातळ पापुद्र्यासारखं आवरण घासून जातं, त्याच्याबरोबर बांधणीही जाते.

आता पिवळेपणा. या रेझिनमध्ये नायट्रोजन असतो. बांधणी जिथे सुटते तिथे तो मोकळा होतो आणि क्लोरीन पकडून ठेवतो. कितीही खळबळा, तो निघत नाही. मग गरम इस्त्री फिरली की तो क्लोरीन आम्ल होऊन सुटतो, कापड पिवळं पडतं आणि तिथेच कुजतं. नवा शर्ट काही दिवस टिकतो, जुना होईल तसं हे वाढतं. स्वस्त रेझिनांत सुरुवातीपासूनच जास्त. धोतरात रेझिनच नाही, म्हणून ते ब्लीचमधून सुखरूप बाहेर पडतं.

पडताळून बघायचं असेल तर तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम आयोडाईड आणि स्टार्च असेलच. धुऊन तीन-चार पाण्यांत नीट खळबळलेला, पण इस्त्री न केलेला शर्ट आणि धोतर घ्या. पोटॅशियम आयोडाईडच्या पातळ पाण्यात थोडं स्टार्चचं पाणी आणि व्हिनेगरचा थेंब मिसळून कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर टाका. निळं-काळं झालं की क्लोरीन अडकलेला आहे.

खारपाणी_दर्यापूर
आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी आनंदाने करून दिलं, चार मुलंही जमली बघायला. एकाच बादलीतलं ब्लीच, एकाच बोअरच्या पाण्यात खळबळलेलं. धोतरावर थेंब पडला तो तसाच, फिकट. पांढऱ्या शर्टाच्या शेपटीवर थेंबाभोवती आधी जांभळट कडा आली अन् मग चांगला निळा-काळा डाग. दुसऱ्या पांढऱ्यावर रंग जरा फिका, पण आलाच. आकाशी शर्टावर काहीच नाही.

आता आईला कसं समजवायचं? अन् हा अडकलेला क्लोरीन काढता येईल का?

स्टेंटरवाला
क्लोरीन काढता येतो. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, प्रयोगशाळेत असतंच. बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे विरघळवा, शर्ट पाव तास भिजवा, मग साध्या पाण्याने भरपूर खळबळा आणि तोच थेंब पुन्हा टाकून बघा. रंग आला नाही तर इस्त्रीला हरकत नाही. पण जिथे आधीच पिवळं पडलंय तिथे थोडं फिकं होईल, पूर्ण जाणार नाही. आणि कापड तिथे कच्चं झालंय का ते बघा. अंगठ्यांनी हलकं ताणून पाहा, जीर्ण वाटलं तर त्याला आणखी छळू नका.

पुढे पांढऱ्यांना क्लोरीनचं ब्लीच बंद. पांढरेपणासाठी ऑक्सिजनवाली पावडर चालते, नीळ चालते. मोगरी बंद, वडी कॉलरवर थोडी घासून हाताने चोळणं पुरे. पिळू नका. पाणी निथळत असतानाच हँगरला लावून झटकून, कॉलर-पट्ट्या हाताने सरळ करून वाळवा. आतल्या बांधणीला ओलं कापड स्वतःच्या वजनाने सरळ होऊ देणं फार मदतीचं असतं. मशीन असेल तर कमी कपडे, कमी स्पिन.

सुलभाताई_अकोला
आमच्याकडेही खारट पाणी, कपडे राखाडी होतात. मी शेवटच्या पाण्यात निंबू पिळते. ते चालेल का यांना?

स्टेंटरवाला
तुम्हाला दिसतो तो राखाडीपणा बहुतेक वेळा जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने साबणाचा चुऱ्यासारखा थर जमतो, त्याचा. निंबू तो सोडवतो, खरं आहे. पण या शर्टांना थंड पाण्यात थोडंसंच, आणि नंतर साध्या पाण्यातून काढा. आम्ल कापडात राहून ऊन किंवा इस्त्री लागली तर तीच आतली बांधणी तुटते. वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरली तर हा थर फारसा होतच नाही. अन् ब्लीचच्या बादलीत निंबू कधीच नाही, विषारी वायू सुटतो.

वऱ्हाडी_झटका
पण खारपाण्यानं फिनिश लवकर जातेच म्हणतो मी. आमच्या शेजारच्या पोराचे शर्ट पुण्यात टिकतात, गावाले आला की मरतात.

स्टेंटरवाला
पुण्यात मोगरी नसते, भाऊ. मशीनमध्ये धुणं, हँगरला वाळवणं, तो फरक जास्त वाटतो मला. पाण्याचा वेगळा परिणाम किती, हे त्याच्या शर्टांवरून सांगता येणार नाही. सारखे दोन शर्ट सारख्याच पद्धतीने वेगवेगळ्या पाण्यात धुऊन बघावे लागतील.

खारपाणी_दर्यापूर
हायपोचं पाणी दिलं. एका शर्टावर थेंब अगदी फिकट राहिला, दुसऱ्यावर अजून जरा जांभळं येतं, त्याला पुन्हा भिजवतो. पाठीवरचा एक डाग ताणल्याबरोबर उसवला. तो शर्ट आता घरी घालायला.

आकाशींच्या कॉलरचं टेलरला विचारलं. तो म्हणतो, उसवून पालटून देतो, आतली बाजू चांगली आहे. कोणी या कापडाची कॉलर पालटून घेतलीय का? शिलाईच्या जागी परत फाटेल अशी भीती वाटते.