मदत हवी आहे: आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल की कागदी नळ्यांचा, मजबूत कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी, आम्ही रत्नागिरीचे, लेक आठवीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी तिने दोन पूल केलेत, दोन्ही ४० सेमीचे, बाजूला त्रिकोणांची जाळी. दोन टेबलांमध्ये ठेवून मधोमध बादली टांगली आणि मगाने हळूहळू वाळू ओतत गेलो, वाळूला काय तोटा आमच्याकडे. काड्यांचा पूल ९० ग्रॅमचा, तो ९ किलोला गेला. पेपरच्या नळ्यांचा ६० ग्रॅमचा, तो ७.२ किलोला. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १०० पट आणि १२० पट, मग जिंकला कोण? मी म्हणतो पट धरावी, ती म्हणते किलोच.

दुसरं म्हणजे काड्यांच्या पुलात एकही काडी मोडली नाही, खालचा सांधाच सुटला, म्हणजे आपण लाकूड नाही तर गमच तपासला ना? ह्या पावसाळी हवेत पांढरा गम आतून ओलाच राहतो बहुतेक. सांधे चिमटा लावून किती वेळ ठेवता तुम्ही?

नळ्यांचं उलट, सांधे शाबूत पण वरची नळी दाबाने मधेच वाकून दुमडली. तिथे पेपरचे वेढे वाढवू, की मधे एक उभी नळी देऊन तिची मोकळी लांबी कमी करू? वेढे वाढवले तर वजनही वाढणार. कोणी करून बघितलंय का?