व्हिक्स उसळला की सोन्याची मागणी वाढते का? मार्च २०२० बघता मला पटत नाही

ऋतुगंध: सगळीकडे वाचायला मिळतं की शेअर बाजारातली भीती वाढली की लोक सोन्याकडे धावतात. १६ मार्च २०२० ला अमेरिकेचा व्हिक्स, म्हणजे ही भीती मोजणारा निर्देशांक, ८२.६९ वर बंद झाला, तो आजवरचा सर्वांत वरचा बंद. पण त्याच दिवसांत सोनं पडत होतं. मग हा संबंध खरा आहे की नुसती समजूत? जाणकारांनी सांगावं.

तेजीवाला_नाशिक: संबंध खराच आहे, फक्त थोडा धीर लागतो. ऑगस्ट २०२० मध्ये सोनं औंसाला २,००० डॉलरच्या वर गेलं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेनंतर ८ तारखेला व्हिक्स ५२ च्या वर बंद झाला आणि २२ तारखेला सोन्याने ३,५०० डॉलरला हात लावला. आधी भीती, मग सोनं. पहिल्या आठवड्यातल्या घसरणीवरून निष्कर्ष काढू नये.

वायदेबाजार: धीराचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सोनं शिखरावर असताना व्हिक्स बावीस-तेविसाच्या आसपास उतरला होता. म्हणजे तोवर भीती बरीच ओसरली होती आणि सोनं वेगळ्या कारणाने चढत होतं.

मार्च २०२० क्रमाने बघा. ६ मार्चला लंडनचा दुपारचा भाव १,६८० डॉलरच्या जवळ होता, १९ मार्चला तो १,४७५ च्या आसपास आला. त्या दोन आठवड्यांत शेअर, रोखे, कर्ज काढून घेतलेल्या पोझिशन, सगळ्यांवर मार्जिन कॉल आले. मार्जिन डॉलरमध्ये आणि त्याच दिवशी भरावं लागतं. अशा वेळी जे नफ्यात आहे आणि मिनिटभरात विकलं जातं तेच आधी विकतात. सोनं वर्षाच्या सुरुवातीपासून दहा टक्क्यांच्या आसपास वर होतं, म्हणून तेच विकलं गेलं. डॉलर निर्देशांक ९५ वरून १०२ च्या पुढे गेला. महागाई वजा जाता अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यावरचा परतावा शून्याखालून शून्याच्या वर गेला. सोन्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे हा परतावा वाढला की सोनं धरून ठेवणं जड जातं. २३ मार्चला फेडने रोखेखरेदीवरची मर्यादा काढली, डॉलरची टंचाई सैल झाली आणि सोनं उलटलं.

एप्रिल २०२५ मध्येही सुरुवात तशीच होती. ३,१६० च्या वरचं सोनं चार-पाच दिवसांत ३,००० च्या खाली आलं. पण या वेळी डॉलर चढला नाही, पडला. निर्देशांक महिना संपायच्या आत १०४ च्या जवळून ९८ कडे गेला. दोन्ही वेळा भीती मोठी होती, पण पैसा एकदा डॉलरमध्ये घुसला आणि एकदा डॉलरमधून बाहेर पडला. व्हिक्स हा फरक सांगूच शकत नाही. तो एस अँड पी ५०० च्या ऑप्शनच्या किमतींवरून पुढच्या तीस दिवसांतली अपेक्षित हालचाल मोजतो, एवढंच.

सराफकट्टा_जळगाव: तुम्ही सगळे भाव बोलताय, धाग्याचं नाव मात्र मागणी आहे. दुकानाच्या बाजूने सांगतो. शेअर बाजार कोसळतो त्या आठवड्यात गिऱ्हाईक वाढत नाही. लग्नाचं सोनं मुहूर्तावर घेतात, व्हिक्सवर नाही. भाव एकदम चढला की उलट मोड वाढते: जुने दागिने घेऊन येतात, काही विकतात, काही बदलून नवीन करतात आणि वरची घडणावळ तेवढी रोख देतात. नवं सोनं फारसं उठतच नाही. जे पैसा गुंतवायला येतात ते वेढणी आणि नाणी मागतात, आणि तेही भाव घसरला की. भारतातला २०२० चा एप्रिल ते जून तिमाहीचा आकडा ६४ टनांच्या आसपास होता, आदल्या वर्षी तो २१३ होता. टाळेबंदी होती हे खरं, पण जगभर भीती असताना इथली मागणी सत्तर टक्क्यांनी पडली हेही खरं.

वायदेबाजार: हाच खरा गाभा आहे. मागणी एक नाही. २०२० च्या पहिल्या सहामाहीत जगभरच्या सोन्याच्या ईटीएफमध्ये ७३४ टन आले आणि त्याच काळात दागिन्यांची मागणी जवळपास निम्म्यावर आली. भीतीला ईटीएफवाला आणि वायद्यातला व्यापारी प्रतिसाद देतात. दागिनेवाला भाव आणि उत्पन्न बघतो. मध्यवर्ती बँका तर या खेळातच नाहीत: २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांनी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं, आणि त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत व्हिक्सची सरासरी वीसच्या खाली होती.

मीनल_पुणे: मग इंडिया व्हिक्स १२-१३ वर असताना सोनं घ्यावं आणि तो वाढला की विकावं, असं करता येईल का? माझ्या मासिक हप्त्यासाठी विचारतेय.

वायदेबाजार: मीनलताई, तो वेगळा निर्देशांक आहे. इंडिया व्हिक्स निफ्टीच्या ऑप्शनवरून निघतो. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालात निफ्टी सहा टक्क्यांच्या आसपास पडला, इंडिया व्हिक्स दिवसात तीसच्या वर गेला आणि काही दिवसांत उतरला. आपल्याकडचा सोन्याचा भाव मात्र जागतिक भाव, रुपया आणि आयातशुल्क यांवर ठरतो. त्याच वर्षी २३ जुलैला शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आलं, इथला भाव लगेच उतरला आणि त्या तिमाहीत मागणी आदल्या वर्षापेक्षा अठरा टक्के वाढली. मार्च २०२० मध्ये रुपया ७२ वरून ७५ च्या पुढे घसरला, त्यामुळे डॉलरमधल्या घसरणीचा थोडा भाग आपल्याला जाणवलाच नाही. हप्ता या निर्देशांकावर बांधू नका.

तेजीवाला_नाशिक: एवढं असूनही सरासरी काढली तर व्हिक्स वाढतो त्या दिवशी सोनं बहुतेक वर असतं. ते आकडे खोटे आहेत का?

वायदेबाजार: आकडे नेमके कसे घेतलेत त्यावर अवलंबून आहे. दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, व्हिक्सची पातळी आणि सोन्याचा भाव शेजारी ठेवतात. सोनं वर्षानुवर्षं चढत गेलं आणि व्हिक्स पुन्हा पुन्हा खाली येतो, त्यामुळे त्यातून काहीच निघत नाही. दोन्हींचा रोजचा टक्क्यांतला बदल घ्यायला हवा. दुसरी चूक वेळेची. लंडनचा दुपारचा भाव तिथल्या तीनला ठरतो, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात, बाजार उघडून जेमतेम अर्धा तास. व्हिक्सचा बंद त्यानंतर सहा तासांनी. तेवढ्या वेळातली घबराट सोन्याच्या दुसऱ्या दिवसाच्या आकड्यात जाते. न्यूयॉर्कच्या बंदाच्या सुमाराचा सोन्याचा भाव घ्या.

मग स्प्रेडशीटच्या D स्तंभात व्हिक्सचा रोजचा बदल, E मध्ये सोन्याचा त्याच दिवसाचा, F मध्ये सोन्याचा पुढच्या २० व्यवहार दिवसांतला बदल:

```
=CORREL(D2:D251,E2:E251)
=CORREL(D2:D251,F2:F251)
```

F मधले वीस-वीस दिवसांचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून तिथला मोठा आकडा दिसतो तितका भक्कम नसतो. वेगवेगळी वर्षं घालून बघा, उत्तर खाली-वर होताना दिसेल.

तेजीवाला_नाशिक: करून बघतो. तरी व्हिक्स चाळीसच्या वर गेलेले दिवस वेगळे काढून तपासायला हवेत, असं माझं मत कायम आहे. लहान उसळ्यांनी खरा संबंध झाकला जातो.

ऋतुगंध: आणि ५ ऑगस्ट २०२४ त्यात धरायचा का? तेव्हा व्हिक्स बाजार उघडण्याआधी ६५ च्या वर गेला आणि ३८.५७ वर बंद झाला.

वायदेबाजार: तोच अडचणीचा दिवस आहे. पहाटे ऑप्शनच्या खरेदी-विक्रीच्या बोलींमधलं अंतर रुंदावलं होतं, सौदे कमी होते, त्यामुळे ६५ हा आकडा भीतीपेक्षा फुगलेला होता. बंद धरला तर तो चाळीसच्या आत राहतो, दिवसातलं शिखर धरलं तर यादीत येतो. सोनं त्या दिवशीही खाली होतं. चाळीसच्या वरचे बंद इतके थोडे आहेत, आणि तेही बहुतेक २००८-०९ आणि २०२० मध्ये एकगठ्ठा, की त्यातून नियम काढायला मी धजणार नाही.