मदत हवी आहे: उतार-पुलीच्या गणितात टेन्शन ३० काहून येत नाही?

वर्धाकाठची_ताई
गावात अकरावीच्या पोट्ट्यांची ट्युशन घेते, एकाची वही तपासता तपासता अडकली. गणित असं, ३० अंशाच्या गुळगुळीत उतारावर ४ किलोचा ठोकळा, त्याची दोरी वरच्या पुलीवरून पलीकडं अन् तिथं ३ किलोचं वजन लोंबते, g १० घ्यायचा. पोराने उतारावरून खाली ओढणारं बल ४० cos ३० म्हणजे ३४.६ घेतलं, टेन्शन ३० धरलं अन् ठोकळा खाली घसरवला. मी cos चं sin केलं, २० आलं, तरी ३० − २० = १०, भागिले ४, त्वरण २.५. पुस्तकात १.४३ आहे. म्हणजे टेन्शन ३० घेण्यातच घोळ आहे, पण त्याले समजावू कसं?

बंड्या_पांढरकवडा
सोपं हाय ताई, १० ले ४ ने नाही ७ ने भागा, दोन्ही संगच चालतात ना. टेन्शन २० अन् ३० च्या मधलं, २५ लिहून टाका.

कापूसवाला
आमच्या विहिरीतून बादली ओढतो तवा दोरीवर बादलीचंच वजन येते. मग इथं कमी काहून? पुली गंजली असंन तर?

रिटायर_मास्तर
भाऊ, बादली एकसारखी वर येते म्हणून. झटका देऊन ओढा, दोरी हातात जास्त कचते का नाही पाहा.
ताई, पोराले एवढंच विचारा: टेन्शन ३० असलं तर लोंबत्या वजनावर वर ३०, खाली ३०, मग ते हलते कसं? ठोकळा २.५ ने वर चालला अन् त्याच दोरीचं वजन जागीच? दोन आकृत्या वेगळ्या काढायला लावा. वजनाची ३० − T = ३a, ठोकळ्याची T − २० = ४a. बेरीज केली की T उडते, a = १०/७. मग T = ३० − ४.३ = २५.७, ठोकळ्याकडून २० + ५.७, तेच. बंडूभाऊ, बरोबर मधोमध येते ते दोन्ही वजनं सारखी असली तरच.
sin का cos अडलं तर उतार सपाट करून पाहायचा, कोन शून्य झाला की खाली ओढणारं बल शून्यच पाहिजे, cos तर पूर्ण ४० देते.

वर्धाकाठची_ताई
वर ३० खाली ३० वालं पटलं त्याले. आता विचारते, मग cos कुठंच लागत नाही का?

रिटायर_मास्तर
घर्षण आलं की लागते. ठोकळा उताराले ३४.६ ने दाबते, घर्षणांक ०.३ असला तर घर्षण १०.४ पर्यंत जाते, सरकवायले आहेत फक्त १०. हात सोडला तरी सारं जागीच, अन् तवा टेन्शन खरंच ३०.

बंड्या_पांढरकवडा
मग आपल्या गणितात पुलीच्या खिळ्यावर जोर किती? दोन्हीकडून २५.७, म्हणजे ५१.४ ना?

कापूसवाला
दोन्ही दोऱ्या एकाच दिशेने कुठं हायेत पण, एक उतारावर अन् एक सरळ खाली.